एकाच खात्यात घर आणि दुकान : पासबुकातील 65,400 रुपये नेमके कोणाचे?

फोंड्याच्या बाजारात स्टेशनरी आणि कटलरीचे दुकान उघडून चार महिने झालेल्या एक गृहिणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बँकेचा उतारा घेऊन लेखापालाकडे जातात. लेखापाल त्यांच्या यजमानांच्या जुन्या परिचयाचे, वयाने वडीलधारे. या दोघांमधील पुढील संवाद प्रातिनिधिक आहे आणि आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. त्यातील नियम मात्र आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये लागू असलेले आहेत. एकट्या मालकाचे, म्हणजे ज्यात भागीदार नाही असे दुकान, एवढ्यापुरतीच ही चर्चा मर्यादित आहे.

"काका, दुकान बरे चालले आहे," त्यांनी सुरुवात केली. "जुलैच्या 1 तारखेला खात्यात 35,000 होते, 31 तारखेला 65,400. एका महिन्यात 30,400 रुपये सुटले."

लेखापालांनी उतारा पुढे ओढला. खाते बचतीचे, लग्नाआधीपासूनचे. दुकानाच्या काउंटरवरचा क्यूआर कोड त्यालाच जोडलेला. मुलीच्या शाळेची फी, विम्याचा हप्ता, घरचे वीजबिल हेही त्यातूनच जाते. त्यांनी हातात पेन्सिल घेतली.

"वहिनी, हे 65,400 तुमचे आहेत का, ते आधी पाहू. महिनाभरात खात्यात एकूण 3,50,400 जमा झाले आहेत. त्यांतले यूपीआयने आलेले 1,72,400 दुकानाचे?"

"सगळे गिऱ्हाइकांचे."

"रोख भरणा 1,18,000?"

"त्यातले 93,000 गल्ल्यातले. उरलेले 25,000 भिशीचे. या महिन्यात माझी भिशी लागली, ती रोखच मिळाली, म्हणून गल्ल्याबरोबरच भरली."

"यजमानांकडून 20,000?"

"घरखर्चासाठी ते दर महिन्याला पाठवतात."

"आणि हे 40,000?"

"भावाने दिले. दुकानात नवी फडताळे करायची आहेत. वर्षभरात परत करायचे ठरले आहे."

म्हणजे साडेतीन लाखांच्या जमेत दुकानाचे 2,65,400 आणि दुकानाशी संबंध नसलेले किंवा उसने 85,000. आता नावे बाजू. एकूण 3,20,000 रुपये गेले. त्यांत घाऊक व्यापाऱ्यांना मालापोटी 2,42,000, दुकानभाडे 18,000, मदतनीस मुलगा आणि दुकानाचे वीजबिल मिळून 8,000. ही बेरीज 2,68,000. उरलेले 52,000 घराचे : शाळेची फी 18,000, विमा 9,600, घरचे वीजबिल 2,400 आणि वेळोवेळी एटीएममधून काढलेले 22,000.

"आता बघा," लेखापाल म्हणाले, "दुकानामुळे खात्यात आले 2,65,400 आणि दुकानासाठी गेले 2,68,000. दुकानाने खात्यातले 2,600 रुपये कमी केले. घराने 52,000 नेले आणि 20,000 दिले. भावाचे 40,000 आणि भिशीचे 25,000 बाजूला ठेवले, तर 31 तारखेला या खात्यात 400 रुपये असते."

"चारशे?"

"चारशे. भावाचे पैसे परत करायचे आहेत. भिशीचे उरलेले हप्ते तुम्हाला भरायचे आहेत. 65,000 रुपये आज ना उद्या जायचेच आहेत. आणि फडताळांचा खर्च या उताऱ्यात कुठे दिसत नाही."

"सुताराला अजून सांगितलेलेच नाही. म्हटले, चवथ होऊन जाऊ दे."

येथे एक खुलासा आवश्यक आहे. खात्यातील रक्कम 2,600 ने घटली म्हणजे दुकान तोट्यात गेले, असा अर्थ काढणे हेही तितकेच चुकीचे ठरेल. खात्यातील शिल्लक एक गोष्ट आणि नफा दुसरी. लेखापालांनी म्हणून दोन प्रश्न आणखी विचारले.

पहिला प्रश्न गल्ल्याचा. घरी जाताना भाजी-मासळीसाठी गल्ल्यातून काही उचलता का? होय, रोजचे साधारण 500 रुपये. महिन्याचे 26 दिवस धरले तर 13,000. ही रक्कम बँकेत कधी गेलीच नाही, त्यामुळे ती विक्री म्हणून कुठे दिसत नाही आणि घरखर्च म्हणूनही दिसत नाही. पण माल विकला गेला होता. म्हणजे जुलैची खरी विक्री 2,65,400 नव्हे, तर 2,78,400.

दुसरा प्रश्न मालाचा. महिन्याच्या आरंभी दुकानात खरेदीच्या भावाने अंदाजे 1,80,000 चा माल होता. चवथीसाठी मखराचे साहित्य, तोरणे, विजेच्या माळा भरल्याने अखेरीस तो 2,05,000 चा झाला. घाऊक व्यापाऱ्याला दिलेल्या 2,42,000 पैकी 25,000 रुपये अजून दुकानातच पडून आहेत. विकल्या गेलेल्या मालाची किंमत 2,17,000. माल रोखीने घेतलेला असल्याने व्यापाऱ्यांचे देणे नाही. मग 2,78,400 मधून मालाचे 2,17,000 आणि भाडे-पगार-विजेचे 26,000 वजा केले की जुलैचा नफा निघतो : 35,400 रुपये.

"म्हणजे दुकान चालते आहे," त्या म्हणाल्या.

"चालते आहे, आणि चार महिन्यांच्या दुकानाला हा नफा वाईट नाही. पण त्यातले 25,000 मालात अडकले आहेत, हातात खेळते फक्त 10,400. घराने मात्र खात्यातले 52,000 आणि गल्ल्यातले 13,000 मिळून 65,000 नेले. यजमानांचे 20,000 वजा केले तरी 45,000 उरतात. दर महिन्याला भिशी लागत नाही, भाऊ दर महिन्याला पैसे देत नाही. ऑगस्टमध्ये असेच चालले, तर शाळेची पुढची फी फडताळांच्या पैशांतून जाईल आणि तुम्हाला ते कळणारही नाही, कारण पासबुकात शिल्लक दिसतच राहील."

वेगळ्या खात्याचे पहिले प्रयोजन हे आहे. करखात्याचा विषय त्यानंतर येतो, जरी बहुतेक लेखापाल सुरुवात तिथूनच करतात. दुकान घराला किती पोसू शकते, हा प्रश्न मिसळलेल्या खात्याला विचारता येत नाही. त्यासाठी दर वेळी पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वेगळी काढावी लागते. चार महिन्यांनंतर ती आठवते. वर्षाअखेरीस, 'अमुक दिवशी आलेले 6,500 कोणाचे' हे आठवणार नाही.

"पण काका, शेजारचे दुकानदार म्हणतात, छोट्या दुकानाला हिशोब ठेवायची सक्तीच नाही. विक्रीवर आठ टक्के नफा दाखवायचा, झाले."

"ती अनुमानित उत्पन्नाची सोय. ती आहेच, आणि तुमच्याएवढ्या दुकानाला घेता येते. रोखीच्या विक्रीवर किमान आठ टक्के आणि बँकेमार्फत किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान सहा टक्के. पण टक्के कशावर लावायचे? विक्रीवर. विक्री किती, हेच जर ठरत नसेल तर सहा आणि आठ घेऊन काय करणार? शिवाय किमान म्हणजे किमान. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा, आणि तुमचा आत्ताच बारा टक्क्यांच्या पुढे आहे."

विक्री ठरत नसली की पाहणारा खात्यातील जमा हीच विक्री समजतो. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात हेच घडले. तेथील व्यापारी कर विभागाने यूपीआयवरील जमेच्या आधारे हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. त्यांत बेकरीवाले, चहावाले, भाजीविक्रेतेही होते. जमा झालेली प्रत्येक रक्कम विक्रीची नाही, नातलगांचे आणि उसनवारीचे पैसेही त्याच खात्यात येतात, असे अनेक व्यापाऱ्यांचे म्हणणे होते. म्हणणे खरे असू शकते, पण ते सिद्ध करण्याचा भार व्यापाऱ्यावर येतो.

लेखापालांनी हेच गणित समोरच्या उताऱ्याला लावले. केवळ वस्तू विकणाऱ्या दुकानाची वार्षिक उलाढाल 40 लाखांपुढे गेली की गोव्यात जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. जुलैच्या एकूण जमेला बाराने गुणले तर 42 लाखांवर आकडा जातो. खऱ्या विक्रीला, गल्ल्यातील उचल धरूनही, बाराने गुणले तर 33 लाख 41 हजारांच्या आत. प्रत्येक महिना जुलैसारखा नसतो, तरीही फरक लक्षात यावा. एकाच दुकानाला एका उताऱ्यानुसार नोंदणी लागते आणि दुसऱ्यानुसार नाही.

"आणखी एक. बचत खात्यात वर्षभरात एकूण 10 लाख किंवा अधिक रोख भरली की बँक ती माहिती आयकर विभागाला कळवते. चालू खात्यासाठी हीच मर्यादा 50 लाख आहे. तुम्ही महिन्याला गल्ल्याचेच 93,000 भरता, म्हणजे वर्षाचे 11 लाख 16 हजार. बचत खात्यात ते नोंदले जाणार, चालू खात्यात नाही."

"नोंदले गेले म्हणजे गुन्हा?"

"मुळीच नाही. विक्रीचे पैसे आहेत, विवरणपत्रात विक्री दाखवली की विषय संपला. पण विचारणा आली तर उत्तर द्यावे लागते, आणि त्या भरण्यात भिशीचे 25,000 मिसळलेले असले की उत्तर लांबत जाते. ज्या जमेचे स्पष्टीकरण देता येत नाही, ती उत्पन्न म्हणून धरली जाते आणि तिच्यावरचा कर नेहमीच्या दरापेक्षा फार जड असतो. भावाचे पैसे बँकेतून आले, हे चांगले झाले. 20,000 किंवा त्याहून अधिक उसने रोखीत घ्यायला कायद्याने मनाई आहे. त्याच्याकडून एका कागदावर दोन ओळी लिहून घ्या : किती दिले, कधी, कशासाठी, परत कधी."

यानंतर लेखापालांनी जो मुद्दा काढला तो गोव्याबाहेरच्या व्यापारविषयक पुस्तकांत सहसा सापडत नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते. विवाहापूर्वी तसा वेगळा करार केला असेल तरच ती वेगळी. आयकर कायदा ही व्यवस्था मान्य करतो. 1961 च्या कायद्यात त्यासाठी कलम 5-अ होते. त्यानुसार समाईक मालमत्तेची व्यवस्था लागू असलेल्या दांपत्याचे पगाराखेरीज इतर उत्पन्न, म्हणजे व्यवसायाचा नफा, घरभाडे, व्याज वगैरे, निम्मे-निम्मे विभागून दोघांच्या विवरणपत्रांत स्वतंत्रपणे दाखवायचे असते. पगार मात्र ज्याचा त्याचा.

"म्हणजे माझ्या दुकानाचा अर्धा नफा यांच्या नावावर?"

"त्यांच्या विवरणपत्रात. ते सरकारी नोकरीत आहेत, पगारावरचा कर कार्यालय कापते. पण तुमच्या दुकानाचा नफा कार्यालयाला ठाऊक नाही. जुलैसारखे बारा महिने गेले तर नफा होईल 4,24,800. त्यातले 2,12,400 तुमचे आणि 2,12,400 त्यांचे, पगाराच्या वर. त्यांचा पगार करपात्र असेल तर त्या निम्म्यावर त्यांना कर बसेल, तो कापला गेलेला नसेल, आणि विवरणपत्र भरताना एकदम भरावा लागेल, कधी व्याजासह. म्हणून दुकानाचा नफा किती, हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. तुमच्या हिशोबातला गोंधळ त्यांच्या विवरणपत्रात जाऊन बसतो."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खाते कसे उघडायचे ते सांगा."

बचत खाते एखाद्या दुकानाच्या किंवा व्यावसायिक संस्थेच्या नावाने उघडता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मग ती संस्था एकट्या मालकाची असो वा भागीदारीची. दुकानाच्या नावाने उघडायचे ते चालू खाते. त्यासाठी मालकाची ओळखपत्रे आणि दुकानाच्या नावाचे सर्वसाधारणपणे दोन पुरावे लागतात. गोव्यात बहुधा दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी, नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा व्यवसाय परवाना, उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा जीएसटीचे प्रमाणपत्र यांपैकी दोन दिली जातात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. तिच्यासाठी पैसे मागणारा मध्यस्थ टाळावा. अडचण येते ती नावांची. परवान्यावर दुकानाचे नाव एक आणि पाटीवर दुसरे असेल, तर बँक अर्ज परत करते. म्हणून अर्जापूर्वी सर्व कागदांवरील नाव अक्षरशः एकच आहे ना, ते पाहावे.

चालू खात्यावर व्याज मिळत नाही. किमान सरासरी शिल्लक ठेवावी लागते, ती बँकेगणिक वेगळी. ठराविक रकमेपुढील रोख भरण्यावर काही बँका शुल्क घेतात. रोज गल्ला भरणाऱ्या दुकानदाराने व्याजापेक्षा या शुल्काची आधी चौकशी करावी.

"तेवढी शिल्लक मला झेपली नाही तर? माझ्याच नावाने दुसरे बचत खाते काढून ते दुकानाला ठेवले तर?"

"घर आणि दुकान वेगळे होईल, तेवढा फायदा नक्की. अनेक जण तसे करतात. पण बचत खाते धंद्यासाठी नसते, व्यवहार वाढले की बँक चालू खाते काढायला सांगू शकते. शिवाय रोख भरण्याची दहा लाखांची मर्यादा तशीच राहील, कारण ती एका व्यक्तीच्या बचत खात्यांची मिळून मोजतात. तात्पुरती सोय म्हणून ठीक."

खाते उघडल्यावर शिस्तीच्या खऱ्या जागा दोनच, असे लेखापालांचे मत. एक, क्यूआर कोड. नवा कोड काउंटरवर लावला तरी जुना आतल्या फळीवर किंवा मदतनिसाच्या मोबाइलमध्ये राहतो आणि निम्मी विक्री जुन्या खात्यात जात राहते. तो काढून फाडून टाकावा. पहिल्या महिन्याअखेर जुन्या खात्याचा उतारा पाहावा. त्यात गिऱ्हाइकांच्या लहानसहान रकमा दिसल्या, तर कोड कुठेतरी जिवंत आहे.

दोन, गल्ला. दिवसाची पूर्ण रोख विक्री रोजमेळात लिहायची, मग त्यातून काही नेले तर 'उचल' म्हणून लिहायचे. मालकाने दुकानातून घेतलेला पैसा खर्च नव्हे आणि पगारही नव्हे. तो उचल असतो आणि भांडवलातून वजा होतो. रोज 500 नेण्याऐवजी महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, चालू खात्यातून बचत खात्यात ठरलेली रक्कम वळवावी आणि भाजी-मासळी तिच्यातून आणावी. किती वळवायची? या दुकानाच्या बाबतीत लेखापालांनी 15,000 सुचवले.

"पंधरा? घर कसे चालेल?"

"नफा 35,000 आहे, पण हातात 10,000 च येतात. चवथीचा माल विकला गेला की हातात जास्त येईल, तेव्हा आकडा वाढवू. आज 45,000 नेणे म्हणजे माल नेणे. शाळेच्या फीचे यजमानांशी बोला, ती त्यांच्या पगारातून जाऊ दे."

शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला, जो नव्या दुकानदारांच्या मनात हमखास असतो. उद्या धंदा बुडाला, तर वेगळ्या खात्यामुळे घरचे पैसे सुरक्षित राहतात का? लेखापालांचे उत्तर स्पष्ट होते. नाही. एकट्या मालकाचे दुकान आणि मालक या कायद्याच्या दृष्टीने दोन व्यक्ती नव्हेत. दुकानाचे देणे हे मालकाचेच देणे. घेणेकरी मालकाच्या इतर मालमत्तेपर्यंतही पोहोचू शकतो. वेगळे खाते हिशोब वेगळा करते, जबाबदारी नाही. जबाबदारीला मर्यादा हवी असेल तर कंपनी किंवा मर्यादित दायित्वाची भागीदारी स्थापावी लागते आणि तिचा वार्षिक खर्च एवढ्या दुकानाला सध्या परवडणारा नाही.

मग त्यांनी नव्या रोजमेळाच्या पहिल्या पानावर आरंभीच्या नोंदी लिहून दिल्या. भिशीचे 25,000 जुन्या बचत खात्यातच राहतील. नव्या चालू खात्यात 40,400 वळवायचे : त्यातले 40,000 भावाचे कर्ज, 400 मालकाचे. दुकानातील माल 2,05,000. मालकाचे भांडवल, मालासह, 2,05,400. भावाच्या कर्जासमोर त्यांनी 'फडताळे' असे लिहिले आणि सुताराचे दरपत्रक आल्याखेरीज त्या रकमेला हात लावू नका, असे सांगितले.